काका, दिवसभर काय करता?

बाबांना पंचविशीपासून मायनस ६ चा चष्मा. आमच्या घरात त्याला कुणी कधी दुखणं म्हटलं नाही. रस्त्यावर चष्मा डोळ्यांवर, कागद हातात घेतला की चष्मा कपाळावर, हा त्यांचा आयुष्यभराचा रिवाज. मायनस नंबरवाल्यांना एक सोय असते. ६ नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय साधारण १७ सेंटिमीटरवरचं लख्ख दिसतं. एक मीटरला सहाने भागायचं, की अंतर निघतं. इतक्या जवळ आणलेलं अक्षर मोठंही दिसतं, त्यामुळे भिंग हातात धरावं लागत नाही.

हे सांगायचं कारण, बाबा मोडी वाचतात. नोकरी रेल्वेच्या प्रतापनगरच्या ऑफिसात केली, पण आजोबांनी शिकवलेली मोडी सोडली नाही. बडोद्यातल्या मराठी घरांतून अजून जुने कागद निघतात. गायकवाडी अमलातलं एखादं खरेदीखत, गहाणखत, देवळाच्या जमिनीची यादी. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी अधूनमधून कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत असा कागद घेऊन येतं आणि "यात काय लिहिलंय तेवढं सांगा" म्हणतं. मोडीत आधी ओळभर रेघ मारून घेतात आणि मग बोरू फारसा न उचलता तिच्याखाली लिहीत जातात. शब्द कुठे संपला हे दाखवणारी मोकळी जागा नसते, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. एखाद्या गाठीवरून माणसाचं नाव बदलतं. त्यात कागद पिवळा पडलेला आणि शाई तपकिरी झालेली. बाबा खाली बसून, उतरत्या डेस्कवर कागद ठेवून, त्याला जवळजवळ नाक लावून वाचत असत.

आता त्यांचं वय ७४. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. ऑपरेशन चांगलं झालं म्हणून डॉक्टरांना पेढे तर सगळेच देतात, आम्हीही दिले. पण मला आभार मानायचे होते ते ऑपरेशनच्या आधी त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नाबद्दल. त्याची गोष्ट नीट सांगायची तर सुरुवात चष्म्याच्या दुकानापासून करावी लागेल.

एका वर्षात बाबांचा चष्मा दोनदा बदलला. आधी साडेसात, मग उजव्या डोळ्याला ९ आणि डाव्याला ८. चष्मेवाल्याने दुसऱ्या वेळी स्वतःच सांगितलं की या वयात मायनस असा वाढत नाही, डोळे दाखवून घ्या. त्याचं बरोबर होतं. मोतीबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातल्या भिंगाचा गाभा हळूहळू घट्ट आणि पिवळट होत जातो. घट्ट झालेलं भिंग प्रकाशाला जास्त वळवतं, म्हणून नंबर मायनसकडे सरकतो. ज्यांना आधी काही नंबर नसतो आणि फक्त चाळिशीचा चष्मा असतो, अशांना याच काळात चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागतो आणि डोळे सुधारले असं वाटतं. शेजारच्या मावशी वर्षभर त्याच आनंदात होत्या. बाबांना असा आनंदही मिळाला नाही. १७ सेंटिमीटरवरचा कागद ११ वर आला आणि तिथेही शाई कागदात विरघळल्यासारखी दिसू लागली. पिवळ्या भिंगातून पिवळ्या कागदावरची तपकिरी शाई बघायची, तर उठाव उरणार कुठून? एक डोळा झाकला तरी दुसऱ्याला चंद्र दोन दिसत होते, ही आणखी एक खूण. दोन्ही डोळे उघडे असताना दोन दिसलं तर कारण वेगळं असू शकतं. एकाच डोळ्याला दोन दिसतात तेव्हा भिंगाकडे बोट जातं.

पहिल्यांदा आम्ही एका मोठ्या, चकाचक ठिकाणी गेलो. तिथे डॉक्टर भेटले ते थोडा वेळ, बाकीचा वेळ लेन्सची माहिती देणाऱ्या मुलीबरोबर गेला. तिच्यापुढे लॅमिनेट केलेला तक्ता होता. साधी लेन्स, तिच्यावरची, तिच्यावरची, आणि सगळ्यात वर मल्टिफोकल. "अंकलना चष्माच लागणार नाही, ना लांबचा ना जवळचा." पुण्याहून दादा फोनवर होता. तो म्हणाला, पैशाकडे बघू नकोस, सगळ्यात चांगली घाल. त्याच्या बाजूने ते योग्यच होतं. आयुष्यभर जाड काचा लावलेल्या माणसाचा नंबर शून्य होणार, यापेक्षा चांगलं काय असणार? बाबा मात्र गप्प होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "तिने मला काही विचारलंच नाही."

मग ओळखीच्या एका बाईंनी रावपुऱ्याच्या बाजूच्या एका लहान दवाखान्याचं नाव सुचवलं. त्यांच्या सासूबाईंचा "मोतिया उतरवला" होता तिथे. डॉक्टर मूळच्या गुजराती, पन्नाशीच्या, मराठी कळतं पण बोलताना गुजरातीच येतं. बाबा पहिल्या भेटीपासून त्यांना डॉक्टरबेन म्हणू लागले. त्यांनी दिव्याच्या मशिनवर दोन्ही डोळे बघितले, खुर्ची मागे सरकवली आणि विचारलं, "काका, आखो दिवस शुं करो छो?"

बाबांनी आधी नेहमीचं सांगितलं. सकाळी कमाटीबागेत फेरी, मग पेपर, दुपारी झोप. डॉक्टरबेन थांबून राहिल्या. मग मोडीचं निघालं. त्यांनी विचारलं, किती लांब धरून वाचता? खुर्चीवर की खाली बसून? चष्मा लावून की काढून? बाबांनी हातातली फाइल नाकाशी धरून दाखवली तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या की तुमचा नंबर मी शून्य केला तर तुम्ही मला शिव्या द्याल.

त्यांनी जे समजावलं ते असं. आपलं स्वतःचं भिंग तरुणपणी आकार बदलून लांबचं-जवळचं जुळवून घेतं. ऑपरेशनमध्ये ते काढून त्या जागी जी साधी लेन्स बसवतात ती एकाच अंतरावर स्थिर असते. कुठल्या अंतरावर, हे ऑपरेशनच्या आधी ठरवायचं असतं, नंतर ते चष्म्यानेच बदलतं. बहुतेकांना लांबचं हवं असतं, म्हणून नंबर शून्याजवळ ठेवतात आणि वाचायला अडीच-तीनचा चष्मा देतात. ज्याने आयुष्यभर वाचायला चष्मा लावलाय त्याला यात वावगं वाटत नाही. पण जन्मभराच्या मायनसवाल्याला चष्मा काढून जवळचं बघायची सवय असते. औषधाच्या बाटलीवरचं अक्षर, सुईत दोरा, पायात गेलेला काटा, सगळं. त्याचा नंबर शून्य केला की हे एका दिवसात जातं. तक्त्यावरची दृष्टी उत्तम येते, डॉक्टर खूश असतात आणि पेशंट घरी जाऊन म्हणतो की माझं काहीतरी बिघडवलं.

मल्टिफोकलचंही मी विचारलं, कारण दादाला उत्तर द्यायचं होतं. त्या म्हणाल्या, लेन्स वाईट नाही, पण ती आत येणारा प्रकाश वेगवेगळ्या अंतरांसाठी वाटून देते. त्यामुळे प्रत्येक अंतराच्या वाट्याला उठाव थोडा कमी येतो आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. पांढऱ्यावर काळं छापलेलं वाचणाऱ्याला ते बहुधा चालतं. पिवळ्यावर तपकिरी वाचणाऱ्याला मी देणार नाही. बाबांना हे वाक्य एवढं आवडलं की त्यांनी रात्री दादाला फोनवर ते जसंच्या तसं ऐकवलं.

मग प्रश्न असा की किती मायनस ठेवायचा? बाबांचं उत्तर तयार होतं: पूर्वीचा ६ च द्या. डॉक्टरबेनना ते पटलं नाही. मायनस ६ ठेवला तर चष्म्याशिवाय हाताच्या अंतरावरचंही धूसर राहतं आणि रात्री उठून न्हाणीघरात जाताना जिना दिसत नाही. सत्तरीनंतर पडणं परवडत नाही. त्यांनी ट्रायलची गोल फ्रेम बाबांच्या नाकावर चढवली आणि उजव्या डोळ्यापुढे ९ ऐवजी मुद्दाम ६ ची काच घातली, म्हणजे ३ नंबर शिल्लक राहिला. हातात कागद दिला. मोतीबिंदूमुळे अक्षर पुसट होतं, पण कागद कुठे धरला की त्यातल्या त्यात बरं दिसतं हे कळत होतं. ते अंतर आलं ३३ सेंटिमीटरच्या आसपास. मग ७ ची काच, म्हणजे २ शिल्लक. आता अर्धा मीटर. बाबांनी तोंड वाकडं केलं, इतक्या लांबून मोडी वाचायची म्हणजे रस्त्यावरून दुकानाची पाटी वाचल्यासारखं. त्यांना घरी पाठवताना डॉक्टरबेननी मला काम दिलं: काका डेस्कशी बसले की डोळ्यापासून कागदापर्यंत टेपने मोजा, पण ताठ बसवून, मान दुखणार नाही असं.

मी शिवणाच्या टेपने मोजलं. ३६ सेंटिमीटर. १०० ला ३६ ने भागलं की पावणेतीनच्या जवळ येतं. आमचं लक्ष्य ठरलं, मायनस पावणेतीन.

लक्ष्य ठरवणं सोपं, ते गाठणं मशिनवर आणि हिशोबावर असतं. बाबांच्या डोळ्याची समोरून मागेपर्यंतची लांबी निघाली साडेसव्वीस मिलिमीटर. साधारण डोळा साडेतेवीसच्या आसपास असतो. हे तीन मिलिमीटर म्हणजेच त्यांचा जन्माचा मायनस. मधल्या मापाच्या डोळ्यात लांबी मोजताना एक मिलिमीटर चुकलं तर चष्म्याच्या नंबरात अडीच-तीनचा फरक पडतो, म्हणून ते माप प्रकाशाच्या मशिनवर पुन्हा पुन्हा घेतलं. जुन्या पद्धतीत डोळ्याला टेकवायची काडी असते. ती जरा जास्त दाबली गेली की डोळा आखूड मोजला जातो. मोतीबिंदू फार पिकला असेल तर प्रकाश आरपार जात नाही आणि मग आवाजाच्या लहरींवरच माप घ्यावं लागतं. बाबांचा तेवढा पिकला नव्हता. "अजून पिकू द्या" असं सांगणारे काका-मामा आमच्याकडेही होते, त्यांना हे एक कारण मी नंतर सांगितलं.

मशिनमधून एक कागद निघाला. एका बाजूला लेन्सचे नंबर अर्ध्या-अर्ध्याच्या फरकाने, समोर ती घातल्यावर शिल्लक राहणारा चष्म्याचा नंबर. बाबांच्या उजव्या डोळ्यासाठी साडेअकराच्या लेन्ससमोर जवळपास शून्य होतं. पंधरासमोर मायनस २.६ आणि साडेपंधरासमोर मायनस ३. आमचा पावणेतीन बरोबर मधे. डॉक्टरबेननी साडेपंधरावर खूण केली. लांब डोळ्यांमध्ये हिशोब चुकला तर बहुधा एकाच बाजूला चुकतो, त्या म्हणाल्या, ठरवल्यापेक्षा प्लसकडे. लांब डोळ्यांसाठी वेगळी सूत्रं आली आहेत आणि मी तीच वापरते, तरी हात राखून मायनसकडेच झुकायचं.

ऑपरेशनच्या आधी बाहुली मोठी करून पडदा कडेपर्यंत तपासला. लांब डोळ्याचा पडदा ताणलेला, पातळ असतो आणि कडेला विरलेल्या जागा असू शकतात. अशा डोळ्यात ऑपरेशननंतर पडदा सुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. बाबांच्या पडद्यावर भोक किंवा फाट नव्हती. हे त्यांनी फाइलवर लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. भूल फक्त थेंबांची. लांब डोळ्याच्या मागे सुई घालून भूल देताना सुई डोळ्याला लागण्याची भीती थोडी जास्त असते, म्हणून शक्य असेल तिथे त्या अशा पेशंटला इंजेक्शन देत नाहीत. त्याच्या बदल्यात पेशंटने हलायचं नसतं. बाबांना सांगितलं होतं की मधे एकदा डोळ्यात खोल दडपल्यासारखं वाटेल, घाबरायचं नाही, हात हलवायचा नाही, बोलून सांगायचं. तसंच झालं. बाबा "बेन, आता" म्हणाले, त्या "हां काका, पाच सेकंड" म्हणाल्या आणि ते ओसरलं. बाकी ऑपरेशनबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही, मी बाहेर बाकावर होते. चीर तीन मिलिमीटरहून लहान, टाका नाही, चहा पिऊन होईपर्यंत बाबा बाहेर.

दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तेव्हा बाबांनी पहिली गोष्ट सांगितली ती रंगाची. दवाखान्याची भिंत निळसर पांढरी आहे, ते म्हणाले, काल ती क्रीम होती. डावा डोळा उघडला की क्रीम, उजवा उघडला की निळसर. बराच वेळ त्यांचा तोच खेळ चालला होता.

अवघड दिवस ऑपरेशनचा नव्हता, त्यानंतरचे आठवडे अवघड गेले. ते कुणी आधी सांगत नाही. डॉक्टरबेननी सांगितले होते, तरी अनुभव यायचा तो आलाच. उजवा डोळा आता अडीच-तीनवर आणि डावा अजून ८ वर. एवढा फरक चष्म्यात भरून काढता येत नाही. जाड मायनसची काच चित्र लहान करते, पातळ काच तेवढं करत नाही, मग मेंदूला दोन वेगळ्या मापांची चित्रं जुळवता येत नाहीत. गरगरतं, पायरी चुकते. यावर एक उपाय म्हणजे डाव्या डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स. ७४ वर्षांच्या, थरथरत्या बोटांच्या माणसाला ती रोज घालायला शिकवणं आम्हाला झेपलं नसतं. म्हणून जुन्या फ्रेममध्ये उजवीकडे तात्पुरती नव्या अंदाजाची काच बसवली आणि डावीकडे खूप कमी नंबरची, म्हणजे डावा डोळा जवळजवळ सुट्टीवर. एका डोळ्याने खोली कळत नाही. बाबा पेल्यात पाणी ओतताना पेल्याच्या शेजारी ओतत. जिन्यावर मी किंवा आई पुढे. दोन्ही डोळ्यांच्या नंबरात असा फरक पडणार असेल तर दुसऱ्या ऑपरेशनची तारीख पहिल्याच वेळी मनात धरावी, "एक तर होऊ दे, मग बघू" असं करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

मधे उत्तरायण आलं. बडोद्यात त्या दिवशी गच्चीवर न जाणं म्हणजे घरात सुतक असल्यासारखं. डॉक्टरबेननी बजावलं होतं: वर धूळ, मांजा, खेचाखेची, आणि मान वर करून उन्हात बघत राहणं, यातलं काहीही नको. बाबा खाली ऊंधियू खात बसले आणि वरून "काप्यो छे" ऐकू आलं की कुणाचा कापला ते मला विचारायला लावत होते. थेंबांचं वेळापत्रक आईने स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं. अँटिबायोटिकचे वेगळे, सूज उतरवणारे स्टेरॉइडचे वेगळे. स्टेरॉइडचे आधी दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत. मधेच एकदम बंद करायचे नाहीत. ती दुधाळ बाटली हलवून घ्यायची, कारण औषध तळाशी बसतं. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. थेंब बाबा स्वतः घालत नसत. आई म्हणे, चाळीस वर्षं या माणसाला एका जागी झोपवायला जमलं नव्हतं, आता दिवसातून सहादा जमतंय.

तीन आठवड्यांनी उजव्या डोळ्याचा नंबर काढला: मायनस अडीच. कागदावर ३ लिहिलं होतं, आलं अडीच. म्हणजे अर्ध्याने प्लसकडे, डॉक्टरबेन म्हणाल्या होत्या त्याच बाजूला. पंधराची लेन्स घातली असती तर हिशोबाने दोनच्या जवळ आला असता आणि बाबांचा कागद अर्ध्या मीटरवर गेला असता. आता डाव्या डोळ्याच्या वेळी या चुकीचा उपयोग होणार होता. मला वाटलं, सरळ अर्धा नंबर वाढवायचा. त्या म्हणाल्या, नाही. एका डोळ्यात जेवढं चुकतं तेवढंच दुसऱ्यात चुकेल असं नसतं, साधारण निम्मं धरायचं. शिवाय काकांचा एक डोळा आता ४० सेंटिमीटरवर आहे, तर दुसरा थोडा जवळ आणू, ३३ वर. अर्ध्या नंबरचा फरक मेंदू सहज सांभाळतो आणि काकांना कागद मागे-पुढे करायला जागा मिळते.

जानेवारीच्या शेवटी डावा डोळा झाला. पुढे महिन्याभराने त्याचा नंबर आला मायनस ३, अगदी ठरवल्यासारखा. बाबांना आता लांबचा एक पातळ चष्मा आहे. रस्त्यावर, टीव्हीपुढे, लग्नाकार्यात तो लावतात. कागद हातात आला की पूर्वीसारखा कपाळावर जातो. पूर्वीपेक्षा एक गोष्ट कमी झाली ती त्यांनी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगितली: १७ सेंटिमीटरवर अक्षर जेवढं मोठं दिसायचं तेवढं आता दिसत नाही. फार बारीक लिहिलेल्या कागदाला टेबलावरचं स्टँडचं भिंग लागतं. हे आधी ठरलेलंच होतं. त्याच्या बदल्यात शाई उठून दिसते. ऑपरेशनच्या आधी बाजूला ठेवलेलं एक गहाणखत त्यांनी पुन्हा काढलं. त्यात साक्षीदाराचं नाव लागत नव्हतं, खाली एक डाग होता. तो डाग अक्षराचाच भाग निघाला, बोरूतून जास्त शाई उतरलेली. ज्यांचा कागद होता ते गृहस्थ पादऱ्याहून येऊन तो घेऊन गेले.

आभार मानायला आम्ही तिघं गेलो. बाबांनी बोरूने मोडीत एक पत्र लिहिलं होतं आणि त्याखाली माझ्याकडून गुजरातीत अर्थ लिहून घेतला होता. डॉक्टरबेननी आधी वरची बाजूच बघितली, किती तरी वेळ. मग विचारलं, हे किती अंतरावरून लिहिलंत? बाबांनी टेप बरोबर आणला होता.

मी त्यांना म्हटलं की तुम्ही विचारलं नसतं तर बाबांनी आपण होऊन सांगितलं नसतं, त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नव्हतं. त्यांनी मान डोलवली. म्हणाल्या, मायनसचा जाड चष्मा कपाळावर सरकवून आत आलेल्या पेशंटला मी हे विचारतेच. काका दारातून आत आले तेव्हा चष्मा कपाळावर होता आणि हातात माझ्या रिसेप्शनचा फॉर्म. शिंप्याला विचारते, सोनाराला विचारते, पोथी वाचणाऱ्या बाईला विचारते. काही जण तरी शून्यच मागतात, त्यांनाही मी तेच देते, पण आधी ट्रायल फ्रेममध्ये दाखवून.

पेढ्यांचा डबा त्यांनी स्टाफकडे दिला, पाकीट परत केलं आणि पत्र ठेवून घेतलं. मग पुन्हा डॉक्टर झाल्या. डोळ्यात वीज चमकल्यासारखं दिसलं, एकाएकी काळे ठिपके वाढले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी यायचं, ऑपरेशनला वर्षं झाली असली तरी. महिन्यांनी किंवा वर्षांनी हळूहळू पुन्हा धुरकट वाटू लागलं तर बहुधा लेन्सच्या मागची पातळ पिशवी धुरकटलेली असते, मोतीबिंदू परत येत नसतो. ते लेझरने बसल्या जागी साफ होतं. पण तुमचा पडदा ताणलेला आहे, तेव्हा त्याचीही घाई करायची नाही, मला विचारून करायचं. आणि दर वर्षी बाहुली मोठी करून पडदा दाखवायचा.

पुढच्या वर्षीची तारीख बाबांनी खिशातल्या डायरीत उतरवून घेतली. मोडीत लिहिली आहे, त्यामुळे आईने ती दुसऱ्या दिवशी माझ्याकडून कॅलेंडरवरही लिहून घेतली.